कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

आमच्या लहानपणी भिंती अंगाला लागायच्या. भिंतीला टेकून गोष्टीचं पुस्तक वाचत बसलं की उठताना शर्टाच्या पाठीवर फिकट पिस्ता रंगाची भुकटी असायची. शाळेला निघताना घरातलं कुणीतरी 'वळ बघू' म्हणून थांबवायचं आणि दोन चापट्या मारून ती झटकून टाकायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चाळीत, वाड्यात किंवा सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या कुणाला हे वेगळं सांगायला नको. पिस्ता, फिकट निळा, फिकट गुलाबी नाहीतर क्रीम; बहुतेक घरांत यांतलाच एखादा रंग असायचा आणि तो कपड्यांना लागायचा.

ती भुकटी म्हणजे सुका डिस्टेंपर. त्याच्या आधी घरोघर चुना होता, त्यात पांढरेपणा उजळावा म्हणून चिमूटभर नीळ आणि तो धरून राहावा म्हणून डिंक किंवा खळ. चुना दरवर्षी द्यावा लागायचा. डिस्टेंपर आला तेव्हा तो मोठी सुधारणा वाटला, कारण रंग मिळायचा आणि दोन-तीन वर्षं निभायची. पुडक्यात पूड मिळे. रंगारी ती कोमट पाण्यात कालवायचा, गुठळ्या राहू नयेत म्हणून फडक्यातून गाळायचा आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचा. त्या पुडीत मुख्य माल खडूचा, जोडीला थोडं रंगद्रव्य आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवायला सरस. खडू भरपूर, सरस बेताचा. पाणी उडून गेलं की सरस खडूच्या कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी कसाबसा बांधून ठेवतो. पुन्हा पाणी लागलं की तोच सरस पुन्हा मऊ होतो. पुढं जे काही सांगणार आहे त्याची सगळी गोम इथंच आहे.

मग डब्यातला डिस्टेंपर आला. त्याला रंगारी 'ऑइल बाउंड' म्हणायचे आणि दुकानदार 'वॉशेबल' म्हणायचा. हा घट्ट लगद्यासारखा असे आणि पाणी घालून पातळ करावा लागे. त्यात सरसाऐवजी वाळणाऱ्या तेलाचा बांधणारा पदार्थ असायचा. हल्लीच्या डब्यांत ते काम ॲक्रिलिक करतं. वाळल्यावर तो पाण्यात सहज सुटत नाही. या काळातली रंगाची जाहिरात म्हटली की आमच्या पिढीला आठवतो तो एशियन पेंट्सचा गट्टू, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ मुलगा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ साली काढला. रंगवायचं म्हटलं की आठवण गट्टूची यायची, पण रंगवलेली भिंत पुढची तीन-चार वर्षं सांभाळायची ती घरातल्या बायकांनी. त्यांना त्या भिंतीची जेवढी पारख होती तेवढी रंगाऱ्यालाही क्वचितच असेल.

भिंतीवरचा प्रत्येक डाग कुणाचा हे घरात सगळ्यांना माहीत असे. दिवाणाच्या वर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर जो काळपट लांबट गोल असे तो आजोबांचा. खोबरेल तेल लावून, न्हाऊन, पेपर घेऊन ते रोज त्याच जागी टेकायचे. स्विचबोर्डाभोवती बोटांचा मळ, कारण अंधारात चाचपडत बटण शोधायचं. देव्हाऱ्याच्या वर समईच्या काजळीचा पंखा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर धाकट्याच्या पेन्सिलीच्या रेघा आणि त्याच्याही खाली फडकं मारताना उडालेल्या पाण्याचे ठिपके. स्वयंपाकघरात फोडणीचे शिंतोडे आणि रॉकेलच्या स्टोव्हची धुरी. स्वयंपाकघराच्या, जिन्याच्या आणि शाळेच्या भिंतींना म्हणूनच खालून तीन-चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा गडद पट्टा देत असत आणि वर डिस्टेंपर. तो पट्टा बिनधास्त पुसता यायचा. त्याच्या वरची भिंत मात्र जपावी लागायची.

ती जपायची कशी हे कळायला आधी चट्टा का पडतो ते कळायला हवं. आपल्याला वाटतं, डाग निघाला नाही म्हणून भिंत खराब दिसते. खरं तर बहुतेक वेळा डाग निघतो आणि त्याच्या जागी उजळ ठिगळ उरतं. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं की मागं स्वच्छ चौकोन दिसायचा, आठवत असेल. कॅलेंडर टांगलं तेव्हा सगळी भिंत त्या चौकोनाच्याच रंगाची होती. मग वर्ष-दोन वर्षांत धूळ, धूर आणि उदबत्तीची राख सगळीकडे सारखी बसली आणि ते रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळलंच नाही. डागाची जागा तेवढी पुसली की नेमका असा स्वच्छ चौकोन आपण स्वतःच भिंतीच्या मध्यावर तयार करतो.

दुसरं कारण पाण्याचं. डिस्टेंपरचा थर सच्छिद्र असतो. ओलं फडकं लावलं की पाणी आत शिरतं आणि कडेकडे पसरत जातं. जाताना ते मऊ झालेला सरस, थोडा रंग आणि बराच मळ बरोबर नेतं आणि जिथं वाळतं तिथं, म्हणजे ओल्या भागाच्या कडेला, ते सगळं टाकून देतं. वाळल्यावर तिथं तपकिरी कड दिसते. ही कड डागापेक्षा मोठी असते आणि ती पुसायला गेलं की तिच्याबाहेर नवी कड तयार होते. तिसरं कारण हाताच्या जोराचं. एकाच जागी घासलं की खडू निघून येतो आणि तिथला रंग विरळ होतो, नाहीतर पृष्ठभाग गुळगुळीत होऊन तेवढीच जागा तिरप्या उजेडात चकाकते.

म्हणून पहिलं काम भिंत कशाची आहे ते ओळखण्याचं. कपाटामागं किंवा दाराच्या पाठीमागं, जिथं कुणाची नजर जात नाही अशा जागी, आधी कोरडं गडद फडकं हलकेच फिरवायचं. खडू आला तर सुका डिस्टेंपर. नाही आला तर बोट पाण्यात बुडवून तिथंच चार-पाच वेळा गोल फिरवायचं. बोटाला रंगाची पेज लागली तर ती भिंत पाण्याची नाही. अगदी पुसट रंग आला आणि खालचा थर घट्ट राहिला तर ऑइल बाउंड. पाण्याचा थेंब तसाच थांबला, मुरला नाही, बोटाला काहीच लागलं नाही, तर इमल्शन किंवा ऑइल पेंट. ही परीक्षा फार तर दोन मिनिटांची, पण वाळलेला तो ठिपका दुसऱ्या दिवशी बघावा. ओली भिंत नेहमीच गडद दिसते आणि फसवते.

सुक्या डिस्टेंपरची भिंत धुता येत नाही. ती फक्त कोरडीच साफ करायची. आमच्या घरी आजी त्यासाठी कणीक भिजवायची. पोळीच्या कणकेपेक्षा खूप घट्ट, जवळजवळ पुरीसारखी, आणि त्यात तेल नाही, मीठ नाही. तेल घातलं तर भिंतीला तेलकट डाग पडणार आणि मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढून घेणार. भरपूर मळून, हाताला चिकटेनाशी झाली की त्याचा लांबट गोळा करायचा आणि तो भिंतीवर वरून खाली, एकाच दिशेनं, हलक्या हातानं फिरवायचा. मागं-पुढं घासायचं नाही. गोळ्याची बाजू काळी झाली की ती आत दुमडायची आणि स्वच्छ बाजू बाहेर काढायची. धूळ आणि धुरी कणकेला चिकटते, पाणी नसल्यामुळं सरस जागचा हलत नाही आणि कड पडत नाही. मुंबईला आमची मावशी हेच काम शिळ्या पावाच्या आतल्या मऊ भागानं करायची. दोन्हींत शेवटी मऊ ब्रशनं भिंत झटकणं आवश्यक, कारण पिठाचा कण राहिला की मुंग्या येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात कोळशाच्या शेगड्यांमुळं घरांतल्या वॉलपेपरवर काजळी बसायची, आणि तो कागद पाण्यानं धुता येत नसे. तो पुसायला तिथली एक कंपनी पिठाचा लगदा विकायची. कोळसा गेला, तशी त्या लगद्याची मागणीही गेली आणि १९५६ साली तोच लगदा मुलांचं खेळणं म्हणून बाजारात आला. आज आपली नातवंडं ज्या 'प्ले-डो'चे लाडू वळतात तो मुळात भिंत पुसायचा गोळा आहे.

काजळीला मात्र कणीकही लगेच लावायची नाही. समईच्या वरच्या काजळीत तेलाचा अंश असतो. बोट लागलं की ती आत दाबली जाते आणि राखाडी फराटा उठतो. आधी कोरड्या, मऊ रुंद ब्रशनं, जेमतेम टेकवत, खालून वर झटकायची. सुटेल तेवढी सुटू द्यायची आणि मगच कणकेचा गोळा, तोही टेकवून उचलायचा, ओढायचा नाही. पेन्सिलीच्या रेघेला स्वच्छ पांढरं खोडरबर पुरतं. बॉलपेनची शाई सुक्या डिस्टेंपरवरून काढायच्या फंदात पडू नये. ती थराच्या आत गेलेली असते. ती काढायची म्हणजे थरच काढायचा.

आता डब्यातल्या, ऑइल बाउंड भिंतीची गोष्ट जरा विस्तारानं सांगतो, कारण खरा खेळ तिथंच आहे. आमची बैठकीची खोली वाड्याच्या माडीवर होती. दिवाणामागची भिंत साधारण दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच, फिकट पिस्ता रंगाची, रंग देऊन तीन वर्षं झालेली. तिच्यावर आजोबांचा तेलाचा गोल, स्विचबोर्डाचा मळ आणि पेन्सिलीच्या रेघा असं तिन्ही होतं. आई हे काम दसरा झाल्यावर काढायची, श्रावणात कधीच नाही. पावसाळ्यात भिंत वाळायला फार वेळ लागतो आणि जितकी हळू वाळेल तितक्या कडा ठळक होतात. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तीच भिंत दुपारपर्यंत सुकते.

आदल्या दिवशी केरसुणीला जुनं मऊ धोतर गुंडाळून भिंत वरून खाली झाडायची. कोळिष्टकं दाबून पुसायची नाहीत, टोकानं उचलून घ्यायची. धुळीसकट भिंत ओली केली की धुळीचा चिखल होतो आणि तो छिद्रांत बसतो. मग पेन्सिलीच्या रेघा खोडून घ्यायच्या, कारण पाणी लागलं की शिसं पसरतं. त्यानंतर तेलाचा गोल, तोही कोरडाच. त्यावर बोटांनी टाल्कम पावडर किंवा बारीक खडूची पूड दाबून रात्रभर ठेवायची आणि सकाळी झटकायची. मग टिपकागद धरून वरून कोमट इस्त्री टेकवायची, हाताला सोसेल इतपतच गरम. तेल पातळ होऊन कागदात येतं आणि कागदावर पारदर्शक ठिपका उमटतो. दर वेळी कागदाची कोरी बाजू घ्यायची. ठिपका उमटायचा थांबला की थांबायचं. हे आधी करण्याला कारण आहे. तेल असलेल्या जागी पाणी मुरत नाही, त्याच्या आजूबाजूला मात्र मुरतं, आणि मग त्या गोलाभोवती प्रभावळीसारखी कड उमटते.

धुण्याच्या दिवशी मेन स्विच बंद करून स्विचबोर्ड कोरड्या फडक्यानं पुसायचा. दोन बादल्या घ्यायच्या. एकीत अर्धी बादली कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाचा थोडा कीस विरघळवलेला. आज एक चमचाभर सौम्य लिक्विड सोप पुरे. फेस नुसता दिसला पाहिजे, बादली भरून नको. दुसरीत साधं पाणी. रिठ्याचं पाणी रेशमी साडीला चांगलं, पण ते तपकिरी असतं, भिंतीला नको. स्पंज किंवा जुन्या पंचाचा मऊ तुकडा इतका पिळायचा की भिंतीवर टेकवल्यावर एकही ओघळ येता कामा नये.

आणि सुरुवात खालून करायची. झाडणं वरून खाली, धुणं खालून वर. हे सांगितलं की अजूनही लोक चमकून बघतात. वरून धुवायला घेतलं तर मळकट पाण्याचा ओघळ खालच्या कोरड्या, मळक्या भिंतीवरून उतरतो, तिथं पटकन शोषला जातो आणि त्याची रेघ नंतर काही केल्या जात नाही. खालचा भाग आधीच ओला आणि स्वच्छ असेल तर ओघळ आलाच तरी तो शोषला जात नाही, पुसून घेता येतो. एका कोपऱ्यातून दोन-अडीच फुटांचा पट्टा जमिनीपासून छतापर्यंत घ्यायचा, हात हलका, गोल, एकावर एक. आई पुढं साबणाचा हात फिरवायची, काकू मागून साध्या पाण्याचा. साबण राहिला तर तो पुढं धूळ धरतो, म्हणून दुसरा हात हवाच. वर घोड्यावर चढून तिसरं कुणी. पुढचा पट्टा मागच्याची कड ओली असतानाच घ्यायचा. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर कड वाळते. मध्ये चहाला थांबायचं नाही, दारावर कुणी आलं तरी नाही. जिथं थांबाल तिथं उभी रेघ पडणार. समोरच्या कोपऱ्यात पोचलं, जुन्या सुती धोतरानं दाबून टिपून घेतलं, की मग खिडक्या उघडायच्या, पंखा लावायचा आणि त्या भिंतीकडे दुसऱ्या दिवसापर्यंत बघायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उजेडात भिंत बघितली तेव्हा स्विचबोर्डाचा मळ गेला होता, रेघा गेल्या होत्या आणि तेलाचा गोल शोधून काढावा लागत होता. तो पुरता गेला नव्हता. तीन वर्षं मुरलेलं तेल पुरतं जात नाही. भिंत एक छटा उजळली होती, पण सगळीकडे सारखी. बाकीच्या तीन भिंती तिच्यापुढं थोड्या मळक्या होत्या आणि तरीही ते खटकत नव्हतं. कोपऱ्यात भिंत वळते, तिच्यावर उजेड वेगळ्या कोनानं पडतो, त्यामुळं दोन भिंतींच्या छटेत फरक असतोच आणि डोळा तो मान्य करतो. एकाच सपाट भिंतीवरचा तेवढाच फरक मात्र डोळ्याला खुपतो. म्हणून डाग हातभर असला तरी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धुवायची. रंगारीही हेच सांगायचे. उरलेला डबा काढून तेवढीच जागा रंगवून द्या म्हटलं तर चांगला रंगारी नाही म्हणायचा, कारण डब्यातला रंग तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि भिंतीवरचा तीन वर्षं ऊन-धूर खाल्लेला.

शेजारच्या काकूंनी एकदा धुण्याचा सोडा घालून भिंत पुसली होती. मळ झटक्यात निघाला, पाठोपाठ रंगही निघाला आणि भिंतीवर पांढरट फराटे उठले. हे होणारच होतं. ऑइल बाउंडमध्ये खडूला बांधून ठेवतं ते तेल, आणि तेलाला तीव्र क्षार भेटला की त्याचा साबण होतो. बांधणाराच धुऊन गेल्यावर रंग राहणार कसा? भांड्यांची पावडर, काथ्या, ब्लीच यांनाही तोच न्याय. हल्ली मिळणारा पांढरा 'मॅजिक' स्पंज मऊ वाटतो, पण तो अतिबारीक पॉलिश पेपरच आहे. डिस्टेंपरवर तो डागाबरोबर रंग उतरवतो. नवा रंग दिल्यावर महिनाभर तरी ओलं फडकं लावू नये, हेही त्याच हिशेबातलं, कारण तोवर बांधणारा पदार्थ पुरता घट्ट झालेला नसतो. आणि एखाद्यानं मध्येच पुसून कड पाडून ठेवलीच असेल तर ती कड घासत बसू नये. सगळी भिंत वर सांगितल्यासारखी एकसारखी ओली करून एकसारखी वाळू द्यावी. तरी दिसली तर भिंतभर नवा हात देण्याला पर्याय नाही.

पुढं आमची सगळ्यांची फ्लॅटमध्ये बिऱ्हाडं झाली आणि भिंतींवर इमल्शन आलं. रंगारी त्याला आधी 'प्लास्टिक पेंट' म्हणायचे. तेही पाण्यातच कालवतात, ब्रशही पाण्यानंच धुतात, म्हणून अनेकांना ते महागडं डिस्टेंपर वाटतं. आतली गोष्ट निराळी आहे. इमल्शनमध्ये ॲक्रिलिक किंवा तत्सम पदार्थाचे अतिसूक्ष्म मऊ कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जातं तसे ते एकमेकांवर दाबले जातात, मिसळतात आणि सलग पापुद्रा होतो. एकदा झालेला हा पापुद्रा पाण्यात पुन्हा सुटत नाही. शिवाय डिस्टेंपरमध्ये खडू जास्त आणि बांधणारा कमी, इथं बांधणारा पुरेसा, त्यामुळं रंगाचे कण त्यात बुडालेले असतात आणि भोकं कमी राहतात. डिस्टेंपरवरचा डाग थराच्या आत असतो, इमल्शनवरचा बराच वेळ वरच असतो. म्हणून तिथं फक्त डागापुरतं पुसलं तरी सहसा कड पडत नाही, कारण पाणी पसरत जायला आत जागाच नसते.

सहसा म्हणतो, कारण इमल्शनलाही मर्यादा आहेत आणि विकणारा त्या सांगत नाही. अगदी मॅट, बिनचकाकीच्या इमल्शनमध्ये बांधणारा पदार्थ तुलनेनं कमी असतो. ते जोरानं घासलं तर डाग जातो पण ती जागा चकाकायला लागते आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात डोळ्यांवर येते. थोडी झाक असलेलं इमल्शन जास्त पुसता येतं, पण त्याच्यावर भिंतीचा उंचसखलपणा उघडा पडतो. हळदीचा डाग दोन्हींवर बसतो. हळदीचा पिवळा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि फोडणीबरोबर तो पापुद्र्यात शिरतो. लगेच साबणाच्या पाण्यानं पुसला तर जातो. राहिलाच तर त्या भिंतीवर ऊन येऊ द्यावं, उन्हानं तो फिकट होत जातो. घासून मात्र जात नाही.

सर्वांत जास्त नुकसान मी पाहिलं आहे ते जुन्या डिस्टेंपरवर सरळ इमल्शन मारल्यानं. दोन-तीन दिवसांचं काम वाचतं म्हणून रंगारी तयार असतात आणि महिनाभर भिंत झकास दिसते. मग कुठं पलंगाची कड घासते, कुठं चिकटपट्टी लावून काढली जाते आणि रंगाची साल निघते. सालीच्या पाठीमागं पिस्ता भुकटी लागलेली असते. इमल्शनचा पापुद्रा वाळताना आखडतो आणि खालच्या थराला ओढतो. खालचा थर भिंतीला जेमतेम चिकटलेला खडू असेल तर तो ती ओढ सोसत नाही. म्हणून आधी जुन्या भिंतीवर चिकटपट्टी दाबून चिकटवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला रंग आला तर सगळी भिंत पाण्यानं भिजवून पत्र्यानं खरवडायला सांगावं, अगदी गिलाव्यापर्यंत. मग धुणं, वाळणं, प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर आणि वर इमल्शनचे दोन हात. आजोबांच्या गोलासारखा तेलकट डाग किंवा काजळी असेल तर तिथं पाण्याचा प्रायमर चालत नाही, डाग त्यातून वर येतो. तेवढ्या जागी ऑइल प्रायमर लावून तो बंद करावा लागतो.

आणि भिंतीला ओल असेल तर आधी ओलीचं कारण शोधावं: गच्ची, पाइप, बाहेरची भेग. इमल्शनचा पापुद्रा ओल आत कोंडतो आणि फुगे येऊन पोपडे धरतात. साधा डिस्टेंपर निदान पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो; त्याची भुकटी होते, लोणा दिसतो, पण ओल कुठं आहे ते तो लपवत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. घर भाड्याचं असेल, जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती असतील किंवा दर पावसाळ्यात ओल डोकावत असेल, तर डिस्टेंपरच ठेवा, वर्षातून एकदा दसऱ्यानंतर भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साफ करा आणि तीन-चार वर्षांनी नवा हात द्या. कोरड्या, पक्क्या भिंतीला, विशेषतः लहान मुलाच्या खोलीला, स्वयंपाकघराला आणि जिन्याला, इमल्शन द्या. पण जुना डिस्टेंपर पुरता खरवडल्याशिवाय रंगाऱ्याला डबा उघडू देऊ नका.